गंजलेल्या ट्रंकेचे झाकण दरवर्षी का अडकते? अमळनेरच्या दोन बहिणींची ट्रंक

पत्र्याच्या जुन्या ट्रंकेचे झाकण एका पावसाळ्यानंतर उघडेनासे होते, घरातले कोणीतरी खुरपी किंवा पेचकस घालून ते कसेबसे उचकटते, आणि पुढच्या वर्षी तेच झाकण आणखी घट्ट बसलेले आढळते. पत्र्याचे काम करणाऱ्या माणसाकडे ही तक्रार आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास हमखास येते, कारण तेव्हा माहेरवाशिणी येतात, जुन्या साड्या आणि भांडी बाहेर काढली जातात आणि वर्षभर बंद असलेल्या पेट्यांना हात लागतो. झाकण उघडणे हे या दुखण्याचे अर्धेच निवारण आहे. ते कसे उघडले यावर पुढच्या वर्षी ते पुन्हा अडकणार की नाही, हे बरेचसे ठरते.

आमच्या गल्लीत राहणाऱ्या दोन बहिणींच्या ट्रंकेचे उदाहरण येथे सविस्तर देतो, कारण त्या एका पेटीत या दुखण्याची जवळजवळ सगळी कारणे एकत्र आली होती. धाकटीची सुरतेला बदली झाली होती, थोरली नुकतीच शाळेतून निवृत्त झाली होती, आणि दोघी मिळून घर हलवत होत्या. सामानाचा टेम्पो मधला एक दिवस सोडून पुढच्या पहाटे येणार होता. आईच्या वेळची हिरव्या रंगाची ट्रंक, सुमारे ९० सेंटिमीटर लांब आणि ५० रुंद, माळवदावर जाणाऱ्या जिन्याखाली पडून होती. आत दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले, घराची कागदपत्रे आणि काही लुगडी होती, त्यामुळे ती तशीच बंद ठेवून नेणे त्यांना मान्य नव्हते. मी पोहोचलो तेव्हा थोरली पेचकसाचे टोक झाकणाखाली घालून त्यावर बत्ता मारत होती आणि धाकटी तिचा हात धरून म्हणत होती, “आक्का, आते तरी तो पेचकस ठेव व!” त्यावर थोरलीचे उत्तर ठरलेले होते, “दरसाल असंच उघडस ना?”

दरसाल तसेच उघडत होते, हे खरे होते आणि रोगही तोच होता. ट्रंकेचे झाकण पेटीच्या अंगावर बाहेरून दोन-तीन सेंटिमीटर खाली उतरते आणि त्या दोन पत्र्यांच्या मध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट राहते. शिवाय झाकणाची कड आत तार घालून वळवलेली असते, म्हणजे त्या वळकटीत ओल साचायला आयतीच जागा मिळते. या फटीत लोखंड गंजले की तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो, आणि बाहेर फुगायला वाव नसल्यामुळे तो दोन्ही पत्र्यांना एकमेकांशी जखडून टाकतो. पेचकसाने झाकण उचकटताना त्या जागेचा रंग आणि पत्र्यावरचा जस्ताचा थर खरवडला जातो, उघडे लोखंड राहते, झाकण पुन्हा लावले जाते आणि पुढच्या पावसाळ्यात नेमक्या त्याच जागी जाड गंज धरतो. थोरलीच्या पेचकसाच्या जुन्या खुणा मोजण्याची गरजच नव्हती. कडीच्या दोन्ही बाजूंना जिथे कड वाकलेली होती, तिथेच गंजाचे पापुद्रे सर्वांत जाड होते.

म्हणून जोर लावण्याआधी झाकण नेमके कशाने धरले आहे, हे पाहावे. धरणाऱ्या जागा तीनच असतात: पुढची कडी, मागच्या बिजागऱ्या आणि सभोवतालची किनार. कुलूप काढल्यावर कडी कोयंड्यावरून मोकळी वर-खाली होत असेल, तर तिचा दोष नाही. किनारीसाठी हॅक्सॉचे जुने ब्लेड किंवा रंगारी पुट्टी भरायला वापरतात ती पातळ पट्टी घेऊन ती खालून फटीत सरकवावी आणि पेटीभोवती फिरवत जावे. ती जिथे सहज वर जाते ती जागा मोकळी, आणि जिथे अडते तिथे खडूने खूण करावी. त्यानंतर लाकडी मोगरीने झाकणाच्या कडेवर हलके ठोकावे. मोकळा पत्रा खणखणतो आणि जखडलेला पत्रा दबका आवाज देतो. बिजागरीचा दोष मात्र पुढची बाजू सुटल्याशिवाय ओळखू येत नाही. झाकण बोटभर उचलून थांबते आणि मागे रिव्हेटच्या भोवती पत्रा फुगू लागतो, ही त्याची खूण आहे.

बहिणींच्या ट्रंकेवर खडूच्या खुणा करून झाल्या तेव्हा चित्र चमत्कारिक निघाले. डावी बाजू आणि मागची बाजू बऱ्यापैकी मोकळी होती, पुढची बाजू पेचकसाच्या खुणांपाशी जखडलेली होती, पण सर्वांत वाईट अवस्था उजव्या बाजूची होती, जिथे कधीच कोणी पेचकस घातलेला नव्हता. तिथे गंज नुसता तांबूस नव्हता. पत्र्याला बारीक खड्डे पडले होते आणि पापुद्रे नखाने सुटत होते. असे खड्डे बहुधा मिठाचे काम असते. मी विचारले की या पेटीवर कधी खारट काही ठेवले होते का, तेव्हा धाकटीला आधी काही सुचेना. मग थोरली म्हणाली की उन्हाळ्यात ही ट्रंक गच्चीवर असायची आणि आई तिच्यावर धोतर अंथरून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायची. ज्वारीच्या त्या शिजवलेल्या पिठात मीठ असते, ते ओलसर पीठ कापडावर पसरतात, आणि वाळल्यावर कापडाला मागून पाण्याचा हात लावून बिबडे सोडवतात. धोतराचे टोक उजव्या बाजूला झाकणाच्या कडेवरून खाली लोंबत असणार. ते खारे पाणी कापडातून झिरपत कडेखाली येऊन फटीत वर ओढले गेले, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेणारे असल्याने पाणी सुकल्यावरही ती फट पुढच्या पावसाळ्यात कधी कोरडी राहिली नाही. आता तिच्यावर बिबडे घालत नाहीत, परंतु त्या जागी गोधडीची घडी असते आणि तिचे टोकही तसेच लोंबते, म्हणजे ओल वर चढवणारी वात बदलली, वाट तीच राहिली.

आणखी एक गोष्ट दिसली, जी बऱ्याच घरांत आढळते. दिवाळीला झाकण बंद असतानाच ट्रंकेवर ऑइल पेंटचा हात फिरवलेला होता आणि झाकण व पेटी यांच्यामधल्या रेषेवर रंगाचा साय धरावी तसा पातळ पडदा जमला होता. हा पडदा दिसायला क्षुल्लक असतो, पण वीतभर लांबीवरही तो पत्र्याला चांगलाच चिकटवून ठेवतो आणि वर तेल सोडले तर ते आत जाऊ देत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे धारदार कटरने झाकणाच्या कडेखालून ती रेषा पूर्ण फिरून कापणे. हातमोजे घालावेत. गंजलेल्या पत्र्याची कापलेली जखम आणि धनुर्वात यांबद्दल कोणाला वेगळे सांगायला नको.

दुसरे काम उन्हाचे. वैशाखातले अमळनेर म्हणजे दुपारी पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि त्याचा उपयोग न करता लोक उगाच गॅसची ज्योत किंवा ब्लो टॉर्च घेऊन बसतात. आत कागद, कपडे आणि डांबराच्या गोळ्या असताना ज्योत लावणे हा शुद्ध अविचार आहे, कारण त्या गोळ्यांची वाफही पेट घेते. ग्राइंडरच्या ठिणग्यांबद्दलही हेच म्हणावे लागेल. त्याऐवजी ट्रंक अंगणात ठेवून पेटीच्या चारही बाजूंना फळ्या आणि कोरडी पोती उभी केली, म्हणजे ऊन फक्त झाकणावर पडेल. झाकण हात ठेववत नाही इतके तापले, पेटीचे अंग मात्र सावलीत राहिले. लोखंड दर अंश तापमानाला लांबीच्या लाखाव्या भागापेक्षा किंचित जास्त वाढते. झाकण पेटीपेक्षा २५ अंशांनी जास्त तापले, तर ९० सेंटिमीटर लांबीत फरक सुमारे पाव मिलिमीटरचा पडतो. एवढ्याने झाकण उघडत नाही. पण गंज ठिसूळ असतो, आणि पाव मिलिमीटरची ओढ त्याला तडे पाडायला पुरते. ऊन उतरण्याआधी मोगरीने उजव्या बाजूची कड बाहेरून हलक्या हाताने ठोकत गेलो, तेव्हा फटीतून तांबूस भुकटी खाली सांडू लागली. ती सांडणे ही हवी असलेली खूण आहे.

तेल त्यानंतर आणि सावलीत घालावे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर डिझेल ओतू नये. पूर्वी रेशनचे रॉकेल हाताशी असायचे, आता ते सहसा मिळत नाही. दुकानात मिळणारा गंज सोडवणारा फवारा उत्तम, आणि तो नसेल तर डिझेलमध्ये थोडे पातळ मशीन ऑइल मिसळून चालते. घरातले शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल वापरू नये, कारण ते हवेत हळूहळू चिकट होत जाते आणि पुढच्या वर्षी डिंकाचे काम करते. खोबरेल थंडीत गोठते. लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर गंज विरघळवतात हे खरे असले, तरी बंद फटीत गेलेले आम्ल धुऊन काढता येत नाही आणि ते आत बसून चांगला पत्रा खात राहते.

तेल घालताना बहुतेक जण ते झाकणावर ओततात आणि ते ओघळून जमिनीवर जाते, कारण या फटीचे तोंड खाली असते. काही जण मग ट्रंक उलटी करतात, म्हणजे तेल आत उतरते, पण ते पेटीची कड ओलांडून थेट कपड्यांवर आणि कागदांवरही उतरते. त्या दोन्हीऐवजी ट्रंक मागच्या अंगावर आडवी करावी. आतले सामान मागे सरकते, पुढची बाजू आता वर येते आणि फट आडवी होते. इंजेक्शनच्या सिरिंजला जाड सुई लावून फटीच्या तोंडाशी थोडे थोडे तेल सोडले की ते स्वतःच बारीक जागेत ओढले जाते. एका बाजूला चहाचा एक चमचा तेल पुष्कळ झाले. जास्त घातले तर ते आत जाणारच. पुढची बाजू तासभर मुरू दिल्यावर ट्रंक डाव्या अंगावर उभी केली, म्हणजे उजवी बाजू वर आली, आणि रात्रभर तशीच ठेवली. या कामात घाईला जागा नाही, आणि हे थोरलीला पटवणे तेल घालण्यापेक्षा अवघड गेले. सामान बांधत बसलेली धाकटी तिला म्हणाली, “धीर धर व माय, लोखंड शे ते, लाकूड नही.”

सकाळी उघडण्याचे काम दोघींनीच केले आणि मी बाजूला उभा राहिलो. पातळ पत्र्याची पेटी उघडताना दोन माणसे असणे हाच खरा उपाय आहे. ट्रंकेचा पत्रा अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे पेटीच्या अंगावर तळहाताने आत दाब दिला की तो थोडा दबतो आणि तेवढीच फट रुंदावते. थोरलीने झाकणाच्या लगेच खाली तळहात लावून दाबायचे आणि धाकटीने तिथेच पट्टी खालून वर सरकवायची, असे ठरले. पट्टी शिरल्यावर ती वर उचलायची नसते. पेचकस घेणाऱ्यांचे चुकते ते इथेच: वरच्या दिशेने जोर दिला की कड दुमडते, तार बाहेर येते आणि झाकण पुन्हा कधी नीट बसत नाही. पट्टी जागच्या जागी किंचित पिळायची, म्हणजे झाकणाची कड बाहेर सरकते आणि गंजाचा थर मधून फुटतो. मग चार बोटे पुढे जायचे. कडीजवळ पत्र्याला आतून जोड दिलेला असल्याने ती जागा मजबूत असते, म्हणून सुरुवात तिथून करावी आणि दोन्ही हातांना कोपऱ्यांकडे आळीपाळीने जावे. कोपरे शेवटी घ्यावेत, कारण तिथे पत्रा दबत नाही आणि तिथे पट्टीपेक्षा मोगरीचे हलके ठोके जास्त कामाला येतात.

उजव्या बाजूने बराच वेळ घेतला. मधल्या एका वितीवर पट्टी शिरेचना; तिथे पुन्हा सिरिंजने तेल सोडून, दाढीच्या जुन्या ब्लेडने थोडी थोडी वाट करून मग हॅक्सॉचे ब्लेड घालावे लागले. शेवटी तिथला गंज कोरड्या भाकरीसारखा तुटल्याचा आवाज आला आणि झाकणाची पुढची कड बोटभर वर आली. थोरलीने लगेच दोन्ही हातांनी ते वर ढकलले. झाकण थांबले आणि मागे डावीकडच्या बिजागरीपाशी पत्रा फुगला. तिला थांबवले नसते तर रिव्हेटसकट पत्रा फाटला असता आणि मग झाकण वेगळे करून पत्र्याचा तुकडा जोडण्याशिवाय मार्ग उरला नसता. फटीत दोन्ही कोपऱ्यांपाशी लाकडाच्या चिपा घातल्या, म्हणजे झाकण परत खाली बसणार नाही, आणि बिजागरीच्या खिळीवर वरून व बाजूने तेलाचे थेंब सोडले. मग झाकण अगदी थोडे वर-खाली करत राहायचे. प्रत्येक वेळी तेल आत जाते, गंज बाहेर येतो आणि हालचाल थोडी वाढते. काळपट तेल बाहेर येऊ लागले की बिजागरी सुटते आहे असे समजावे. तासाभराने झाकण पूर्ण उघडले. दाखल्यांच्या फायलीला तेलाचा डाग नव्हता, एका लुगड्याच्या काठाला मात्र तांबूस रेघ पडली होती, आणि ती आजची नसून मागल्या कधीतरीची होती.

तेलाने आणि हालचालीनेही बिजागरी सुटली नाही, तर खिळीचे टोक ठोकून ती बाहेर काढता येते का, ते आधी पाहावे. बऱ्याच ट्रंकांत ती नुसती जाड तार असते. तेही नाही जमले, तर बाहेरून रिव्हेटचे डोके छिन्नीने उडवून झाकण मागून मोकळे करावे. नंतर त्या भोकांत ४ मिलिमीटरचे नट-बोल्ट घातले की झाकण पूर्ववत बसते. पत्रा फाडण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते. उजव्या बाजूसारखे खड्डे जर पत्र्याला आरपार गेले असतील आणि बोटाने दाबल्यावर पत्रा मोडत असेल, तर ट्रंक वाचवण्याचा नाद सोडावा. मग मागची बाजू पत्र्याच्या कात्रीने कापून सामान काढून घेणेच बरे.

आता पुन्हा अडकू नये यासाठी काय करायचे, ते. योग्य क्रम असा की किनारीच्या दोन्ही पत्र्यांवरचा सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने काढायचा, मिठाचा संशय असलेली बाजू गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून उन्हात पूर्ण वाळवायची, तेलकटपणा थिनरने काढायचा, रेड ऑक्साइडचा एक हात द्यायचा आणि तो वाळल्यावर ऑइल पेंट लावायचा. मीठ पुसणे सहसा वगळले जाते, पण ते राहिले तर रंगाखाली गंज चालूच राहतो आणि वर्षभरात रंगाला फोड येतात. रंग लावताना झाकण उघडेच ठेवावे आणि दोन-तीन दिवस ते लावू नये, नाहीतर नवा रंगच दोघांना चिकटवेल.

बहिणींकडे एवढे दिवस नव्हते. टेम्पो दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होता, आणि ओला रंग घेऊन सामान चढवण्यात अर्थ नव्हता. म्हणून गंज घासून आणि मीठ पुसून झाल्यावर, ट्रंक वाळल्यावर, झाकणाच्या आतल्या कडेवर आणि पेटीच्या बाहेरच्या कडेवर साधी मेणबत्ती दाबून घासली. मेण पाणी येऊ देत नाही आणि दोन पत्र्यांना एकमेकांवर घासू देत नाही. ग्रीसपेक्षा ते कपड्यांना कमी डाग पाडते. बिजागऱ्यांना तेलाचा एक-एक थेंब दिला. हा उपाय एखादा पावसाळा निभावतो, रंगाची जागा घेत नाही. सुरतेची हवा समुद्राजवळची, त्यामुळे खान्देशात जो गंज पावसाळ्याच्या चार महिन्यांत धरतो, तो तिकडे वर्षभर धरत राहील, हे लक्षात घेऊन पावसाळा लागण्याआधीच रंगाचे काम उरकून घ्यायला त्यांना सांगितले. ट्रंक फरशीवर थेट ठेवू नये, खाली लाकडाच्या दोन पट्ट्या असाव्यात, म्हणजे फरशी पुसताना पाणी तळाला लागणार नाही. वर काही अंथरायचेच असेल, तर ते झाकणाच्या वरच्या सपाट भागापुरते असावे आणि कडेवरून खाली लोंबू नये. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा झाकण उघडून पंख्याखाली तासभर ठेवावे. कोवळा गंज हातानेच सुटतो, त्याला पट्टी लागत नाही.

सामान चढवताना थोरलीने ट्रंकेला कुलूप न लावता सुतळीचे दोन वेढे दिले आणि पेचकस धाकटीच्या पिशवीत गेला.